दीड एमएम अल्युमिनियमचा डबा टिगवर वेल्ड करताना: साफसफाई, फिलर आणि हीटचा हिशोब

रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं काम आहे, आणि माइल्ड स्टील, एसएसवर हात बसलेली पोरं पहिल्यांदा पातळ अल्युमिनियमला टॉर्च लावतात तेव्हा सगळ्यांचं एकच होतं, आधी काही वितळतच नाही, मग एकदम आख्खी कडा खाली गळून पडते. स्टील लाल होतं, मग केशरी होतं, म्हणजे ते आधी सांगतं की मी आता वितळणार आहे. अल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं आणि तोपर्यंत त्याचा रंग बदलतच नाही, म्हणून डोळ्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. वरून त्याच्यावर जो ऑक्साइडचा थर असतो तो वितळतो साधारण २००० डिग्रीच्या वर. म्हणजे आतला धातू पाणी झालाय आणि वरची साय अजून घट्ट, अशी ती अवस्था. दूध ऊतू जाताना साय जशी त्याला थोडा वेळ धरून ठेवते तसंच.

तर एकच डबा धरून सगळं सांगतो. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या एका दादांना होडीत सुटे भाग आणि हत्यारं ठेवायला डबा पाहिजे होता, ३०० लांब, २०० रुंद, १५० खोल, वरून उघडा, झाकण नंतर बिजागरीवर. खारं पाणी लागणार म्हणून शीट घेतली ५०५२, दीड एमएम. ही शीट खाऱ्या हवेत टिकते आणि बेंडिंगला पण चांगली. दुकानात नुसतं अल्युमिनियम शीट द्या म्हटलं तर काय मिळेल सांगता येत नाही, ग्रेड विचारून, शक्य असेल तर शीटवरचा छाप बघून घ्या. ६०६१ टी६ घेतली तर बेंड मारतानाच बाहेरून चिरा पडू शकतात, शिवाय फिलरशिवाय वेल्ड केली तर वेल्डच तडकते.

कमी वेल्ड लागेल असं कापा

नवीन माणूस पाच तुकडे कापतो आणि जोडत बसतो. हिशोब करा, तळाच्या चार कडा मिळून १००० एमएम आणि उभे चार कोपरे १५० चे म्हणजे ६००, एकूण १६०० एमएम वेल्ड. त्याऐवजी एकच ६०० बाय ५०० ची शीट घ्या, चारही कोपऱ्यातून १५० बाय १५० चे चौकोन काढा, अधिक चिन्हासारखा आकार राहील, चार बाजू बेंड करून वर घ्या, मग वेल्ड उरते फक्त ६०० एमएम. वेल्ड जितकी कमी तितकी हीट कमी आणि डबा तितका कमी वाकडा. अल्युमिनियम गरम झालं की स्टीलच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, त्यामुळे वाकडेपणाचा विचार कापतानाच करायचा असतो.

बाहेरचं माप पक्कं पाहिजे असेल तर प्रत्येक बेंडला साधारण अडीच ते तीन एमएम कमी धरावं लागतं, पण ते बेंडिंगवाल्याच्या डायवर आणि रेडियसवर आहे, म्हणून त्याच शीटची एक पट्टी आधी बेंड मारून मोजून घ्या. आमच्या डब्याला दोन एमएम इकडे तिकडे चालणार होतं, म्हणून आम्ही सरळ ६०० बाय ५०० च ठेवली.

जिथे दोन बेंडच्या रेषा एकमेकींना भेटतात तिथे अडीच एमएमचं भोक पाडा, नाहीतर बेंड करताना तो कोपरा फाटतो किंवा फुगतो. हे भोक लक्षात ठेवा, लिकेज निघालं तर बहुतेक वेळा इथूनच निघतं, पुढे त्याच्यावर वेगळं लिहिलंय.

कापायला शिअरिंग मशीन बेस्ट. ग्राइंडरच्या साध्या कटिंग व्हीलने कापलं तर त्या चाकाचे कण आणि डिंक मऊ अल्युमिनियममध्ये रुततात आणि वेल्ड करताना काळे ठिपके होऊन वर येतात. तसंच कापावं लागलं तर नंतर कडा कानशीने अर्धा एमएम तरी घासून ताजा धातू काढा. कानस पण अल्युमिनियमसाठी वेगळी ठेवा.

साफसफाई

इथे क्रम चुकला की सगळं चुकतं. आधी तेल काढायचं, मग ऑक्साइड. उलटं केलं, म्हणजे आधी ब्रश मारला, तर शीटवरचं तेल ब्रशने घासून तुम्ही धातूत भरता आणि वर ब्रशलाही तेल लागतं, मग तो ब्रश पुढच्या प्रत्येक जॉबला तेल लावत बसतो.

शीटवर प्लास्टिकचा पेपर असेल तर वेल्डच्या दोन्ही बाजूला निदान ४० एमएम सोलून काढा आणि त्याचा गम राहिलाय का बोट फिरवून बघा. मग पांढऱ्या स्वच्छ सुती कापडावर अॅसिटोन घेऊन जॉइंटच्या आतून बाहेरून २५ एमएमची पट्टी पुसा, कडेची जाडी सुद्धा पुसा, ती सगळे विसरतात. कापड काळं होतंय तोपर्यंत कापड बदलत पुसत राहा. मग स्टेनलेसचा हातब्रश, जो फक्त अल्युमिनियमलाच वापरलाय, तो हलक्या हाताने एकाच दिशेने मारा. जोर लावला तर ऑक्साइड निघण्याऐवजी दाबला जातो. शीटची चकाकी जाऊन ती थोडी मॅट दिसायला लागली की झालं. मग परत एकदा अॅसिटोनने पुसा, सुकू द्या. अॅसिटोनची बाटली झाकण लावून लांब नेऊन ठेवा, ओल्या कापडासकट, ते लगेच पेट घेतं. गाड्यांचे ब्रेक साफ करायचा जो स्प्रे मिळतो तो अजिबात वापरायचा नाही, काही स्प्रेमध्ये क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं आणि आर्कच्या उजेडात त्याचा विषारी वायू होतो, जीवावर बेतू शकतं.

ऑक्साइड हवेत लगेच परत बसायला लागतो, म्हणून सकाळी साफ करून संध्याकाळी वेल्ड असं करू नका, त्याच तासा-दोन तासात करा.

पावसाळ्यात आपल्याकडे अजून एक त्रास. जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईत हवाच ओली असते, एकावर एक ठेवलेल्या शीटमध्ये पाणी शिरतं आणि पांढरे डाग पडतात. हे डाग म्हणजे ओलावा धरून बसलेला जाड ऑक्साइड, तो ब्रशने पूर्ण जात नाही, बारीक एमरीने घासून काढावा लागतो. आणि ओलाव्यातून हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो, धातू थिजताना तो बाहेर पडायला बघतो आणि अडकतो, म्हणून वेल्डमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. एका जुलैमध्ये मी स्वतः अख्खा दिवस गॅस खराब आहे म्हणून सिलेंडर बदलत बसलो होतो आणि चूक होती शीटची, ती आदल्या रात्री शटरजवळ भिंतीला टेकवून ठेवली होती. तेव्हापासून शीट एक दिवस आधी आत आणून ठेवतो आणि वेल्डच्या आधी हीट गनने हात लावता येईल इतपत कोमट करून घेतो.

मशीन

पहिली गोष्ट, मशीन एसी टिग पाहिजे. बाजारात टिग म्हणून विकली जाणारी बरीच स्वस्त मशीनं फक्त डीसी असतात, त्यावर एसएस होतं, अल्युमिनियमचं हे काम होत नाही. एसीमध्ये करंटची दिशा उलटसुलट होते, एका अर्ध्यात ऑक्साइड उडतो, दुसऱ्या अर्ध्यात जॉबला हीट मिळते. या दोन अर्ध्यांची वाटणी म्हणजे बॅलन्स. जॉबच्या हीटचा भाग ७० टक्के आणि साफसफाईचा ३० असं ठेवून सुरू करा. पण नीट बघा, काही मशीन हीटचा टक्का दाखवतात आणि काही साफसफाईचा, उलटं सेट झालं तर टंगस्टनचा मोठा गोळा होऊन लोंबायला लागतो. मॅन्युअलमध्ये ते दिलेलं असतं.

फ्रिक्वेन्सी सेट करता येत असेल तर १०० हर्ट्झच्या आसपास, आर्क बारीक आणि एका जागी राहते, कोपऱ्यावर इकडे तिकडे पळत नाही. टंगस्टन १.६ एमएम, निळ्या पट्टीचा लँथनेटेड, टोक काढून अगदी किंचित बोथट केलेलं. कप ६ किंवा ७ नंबर. गॅस शुद्ध आरगॉन, मिनिटाला ८ लिटर पुरे. जास्त गॅस म्हणजे चांगलं कव्हर असं लोकांना वाटतं, पण १५ वर नेलं की गॅस घुसळला जातो आणि बाहेरची हवा आत ओढतो. पंखा बंद. उकाड्यात जीव जातो हे मान्य, पण वरचा पंखा चालू ठेवून अल्युमिनियम होत नाही, पंखा तुमच्या पाठीमागे लांब, जमिनीकडे तोंड करून ठेवा. आर्क बंद झाल्यावर गॅस ८ सेकंद चालू राहील असं सेट करा आणि तेवढा वेळ टॉर्च तिथेच धरा.

पेडल असेल तर पेडलच वापरा. मॅक्झिमम ७० अँपिअर सेट करा. साधा अंदाज असा की एका एमएमला ४० अँपिअर, म्हणजे दीडला ६०, आणि बाहेरच्या कोपऱ्यात हीट पळून जायला जागा कमी म्हणून चालू वेल्डमध्ये त्याहूनही कमी लागतं.

अल्युमिनियमची चकाकी आर्कचा उजेड परत फेकते, गळ्यावर आणि हनुवटीखाली सुद्धा भाजतं. १० नंबरची काच, जाड सुती फुल शर्ट वरचं बटण लावून, हातमोजे.

फिलर

दोन रॉड सगळीकडे मिळतात, ४०४३ आणि ५३५६. पहिल्यात सिलिकॉन आहे, दुसऱ्यात मॅग्नेशियम. ४०४३ छान वाहतो, वेल्ड गुळगुळीत दिसते, म्हणून शिकाऊ लोकांना तोच आवडतो. पण आपल्या ५०५२ शीटमध्ये आधीच अडीच टक्क्याच्या आसपास मॅग्नेशियम आहे, त्यात सिलिकॉन गेलं की जोड थोडा ठिसूळ होतो. शिवाय पुढे अॅनोडायझिंग केलं तर ४०४३ ची वेल्ड काळपट पडते. म्हणून होडीच्या डब्याला ५३५६, १.६ एमएम. एक मर्यादा आहे, जी वस्तू कायम ६५ डिग्रीच्या वर तापलेली राहणार, तिथे ५३५६ नको.

रॉड हातात घ्यायला पण थोडा कडक असतो त्यामुळे थरथरत नाही, हा त्याचा अजून एक फायदा. रॉड सुद्धा अॅसिटोनने पुसायचा. पाकिटातून काढला म्हणजे साफ असं नाही, कापड ओढून बघा, काळी रेघ येते. उरलेले रॉड दोन्हीकडून बूच लावलेल्या पीव्हीसी पाइपमध्ये ठेवा.

आधी तुकड्यावर

त्याच शीटच्या १५० लांबीच्या दोन पट्ट्या घ्या, तसाच कोपरा करा आणि वेल्ड करा. मग व्हाइसमध्ये धरून हातोडीने कोपरा उघडून सपाट करा. आतल्या बाजूला जॉइंटची सरळ रेघ तशीच दिसतेय म्हणजे वेल्ड वरवर बसलीये, आत गेलीच नाही. वरून कितीही सुंदर दिसत असली तरी. असे चार-पाच तुकडे झाल्याशिवाय डब्याला हात लावू नका.

टॅक आणि हीट

कोपऱ्यात दोन्ही शीटच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या पाहिजेत, एकावर एक चढवायच्या नाहीत. अशाने बाहेरून व्ही आकाराची खाच मिळते आणि फिलर त्यात बसतो. फट अर्ध्या एमएमच्या वर गेली तर वेल्डने भरायचा प्रयत्न न करता परत बेंड दाबून जुळवा, पातळ अल्युमिनियममध्ये फट भरत बसलं की दोन्ही कडा मागे सरकतात आणि फट मोठीच होते.

डबा असा तिरका ठेवा की वेल्डचा कोपरा वरच्या बाजूला आडवा येईल, व्ही ब्लॉक नसेल तर दोन अँगलमध्ये टेकवा. आतून कोपऱ्यात काटकोनात वाकवलेली तांब्याची पट्टी क्लॅम्प करा, ती हीट खेचते आणि धातू खाली गळू देत नाही. वेल्डला ती चिकटत नाही, फक्त आर्क सरळ तांब्यावर पडू द्यायची नाही.

आधी दोन टोकांना टॅक, मग मध्ये, मग त्यांच्या मध्ये, साधारण दर ३० एमएमला एक. टॅक मारताना पेडल झटकन दाबायचं, दोन्ही कडा चकाकल्या की फिलरचा एक थेंब आणि लगेच सोडायचं. हळूहळू गरम करत बसलात तर टॅक लागायच्या आधी कडा गोल होऊन मागे जातात.

आता खरी वेल्ड. टॉर्च जवळजवळ उभी, पुढे ढकलायच्या दिशेने १०-१५ डिग्री झुकवलेली, टंगस्टन आणि शीटमध्ये दीड-दोन एमएम. आर्क लावली की तिथे आधी पांढरट घासल्यासारखी जागा होते, मग मध्ये आरशासारखा चमकणारा ठिपका येतो. हाच तो इशारा, रंगाची वाट बघू नका, आरशाची बघा. आरसा दोन्ही कडांवर मिळून चार-पाच एमएम झाला की फिलर त्याच्या पुढच्या कडेला टेकवा, आर्कमध्ये नाही, डबक्यात, आणि लगेच मागे घ्या पण कपच्या गॅसच्या बाहेर काढू नका. बाहेर काढलेलं गरम टोक ऑक्साइड धरतं आणि पुढच्या डुबकीत ते आत जातं. मग दोन एमएम पुढे, परत डुबकी. फिलर डबक्यापर्यंत पोचायच्या आधीच गोळा होऊन गळतोय म्हणजे टॉर्च फार झोपवलीये किंवा आर्क लांब झालीये.

१५० एमएमच्या आमच्या कोपऱ्यात आकडे साधारण असे गेले: सुरुवातीला थंड धातूत आरसा यायला ६५ च्या आसपास, दोन-तीन सेकंदात ५५, मध्यापर्यंत ५०, आणि शेवटच्या ३० एमएममध्ये ४०-४५. हात आणि वेग तोच, करंट मात्र सतत खाली येतोय. कारण अल्युमिनियम हीट इतक्या लवकर पुढे पोचवतं की तुम्ही ज्या जागेवर अजून गेलाच नाहीत ती आधीच तापलेली असते. डबकं सहा एमएमच्या पुढे रुंद व्हायला लागलं की पेडल थोडं सोडा आणि सोबत फिलरची एक जादा डुबकी द्या, थंड रॉड डबक्यातली हीट पिऊन घेतो. त्या क्षणी घाबरून टॉर्च वर उचलू नका, आर्क लांब झाली की हीट पसरते आणि गॅस सुटतो. डबक्याचा वरचा भाग खाली बसतोय, बशीसारखा होतोय असं दिसलं तर थांबाच, पुढचं पाऊल भोक आहे.

पेडल नाहीये? तर ५५ वर फिक्स करा आणि २५-३० एमएमचे तुकडे तुकडे करा, एक इथे, एक दुसऱ्या टोकाला, मधे थंड होऊ द्या. वेळ लागतो पण होतं.

वरची उघडी कडा हा नाजूक भाग, कारण तिथे पुढे धातूच नाही, हीट जाणार कुठे. म्हणून आम्ही वरच्या कडेपासून २० एमएम आत सुरू करून कडेकडे छोटी वेल्ड आधीच मारून घेतो, थंड धातूत, आणि मग तळाकडून वर येऊन तिला मिळतो. संपवताना एकदम पाय उचलायचा नाही, करंट हळू कमी करत एक-दोन थेंब जादा टाकायचे, नाहीतर शेवटच्या खड्ड्यात चांदणीसारखी चीर पडते.

एक कोपरा झाला की शेजारचा नाही, समोरचा तिरपा घ्यायचा, आणि मधे डबा थंड होऊ द्यायचा. गरम आणि थंड अल्युमिनियम दिसायला एकसारखंच, आमच्याकडे एका पोराने नुकताच झालेला डबा उघड्या हाताने उचलला होता, चार बोटांना फोड आले. आता जॉबवर खडूने "गरम" लिहितो.

तळाचं ते भोक

तीन बाजू भेटतात ते अडीच एमएमचं भोक. इथे नवीन माणूस आर्क सरळ भोकावर धरतो, सगळीकडून उघड्या कडा असल्यामुळे त्या मागे पळतात आणि अडीचचं भोक सहाचं होतं. आर्क भोकाच्या बाजूला, तळाच्या शीटवर धरा, तिथे धातू जास्त आहे. आरसा आला की फिलरचा थेंब भोकाच्या कडेवर, मग दुसऱ्या बाजूच्या कडेवर, मग मध्ये जोडणारा, असं बाहेरून आत भरत या. भोक बंद झालं की थांबा, थंड होऊ द्या आणि मगच तिथून उभ्या कोपऱ्याची वेल्ड सुरू करा.

तपासणी

वेल्ड चकचकीत आणि दोन्ही बाजूला बारीक पांढरी पट्टी, म्हणजे ठीक. करडी, दाणेदार, बर्फासारखी, म्हणजे हीट जास्त किंवा गॅस कमी. काळी काजळी आणि ठिपके, म्हणजे घाण किंवा हवा, किंवा टंगस्टन डबक्यात बुडालं होतं. बुडालं तर तिथेच थांबून टंगस्टन परत घासायचं, तसंच चालवायचं नाही.

मग डब्यात साधं पाणी भरा, बाहेरून कोरडा पुसा, कोपऱ्यांखाली टिश्यू पेपर ठेवा आणि अर्धा तास सोडा. बरेच जण रॉकेल लावून बघतात, ते बारीक भोकातून पटकन येतं हे खरं, पण एकदा त्या भोकात रॉकेल गेलं की ते निघत नाही आणि दुरुस्तीची वेल्ड काळी होते. आमच्या डब्याचा तीन नंबरचा कोपरा तळाशी ओला झाला, बरोबर त्या भोकाच्या जागी. वरून नुसती आर्क फिरवून ते बंद होत नाही, पाणी वाफ होऊन परत भोक पाडतं. कार्बाइड बरने ती जागा चकचकीत धातू लागेपर्यंत खोदली, हीट गनने सुकवली, अॅसिटोन, ब्रश, परत अॅसिटोन, आणि ५० अँपिअरवर तीन थेंब. दुसऱ्यांदा टिश्यू कोरडा राहिला.

आणि कधी पूर्ण बंद डबा करायचा असेल, तरंगायला वगैरे, तर आधी कुठेतरी तीन एमएमचं भोक पाडून ठेवा. आतली हवा तापून पसरते आणि शेवटचा एक इंच बंद करताना डबक्यातूनच बाहेर उडते, तिथे कितीही वेळा भरा, परत भोक. सगळं झाल्यावर डबा थंड झाला की ते तीन एमएम शेवटी एका थेंबाने बंद करायचं.